उत्तरात y राहिला, म्हणून उत्तर चुकलं का?

मागच्या भागात आपण y = f(x) अशा सरळ समीकरणाच्या वक्राला स्पर्शिका काढली. आज जरा आडमुठं समीकरण घेऊ. त्यात x आणि y एकमेकांत असे मिसळलेले असतात की y ला एकट्याला बाजूला काढता येत नाही.

विषय निघाला माझ्या पुतण्याच्या मुलीमुळे. गौरी बारावीला आहे, इथे सिकंदराबादलाच. सराव परीक्षेचा पेपर घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, बघा ना, बरोबर सोडवलेलं गणित मीच खोडलं." का खोडलंस, तर म्हणे डेरिव्हेटिव्हच्या उत्तरात y शिल्लक राहिला. तिला वाटलं, dy/dx चं उत्तर फक्त x मध्येच यायला हवं. तिची पाच मिनिटं आणि सगळे मार्क गेले. त्या y ची तिथे गरज का आहे, तेवढंच आज बघायचं.

वक्र असा घेऊ:

x³ + y³ = 9xy

याला देकार्तचं पान म्हणतात. पहिल्या चरणात पानासारखा एक लूप आहे आणि त्याची दोन टोकं मूळबिंदूतून बाहेर पडून दूर निघून जातात. १६३८ साली देकार्तने असाच वक्र फर्माला स्पर्शिकेचं आव्हान म्हणून दिला होता आणि फर्माने तो सोडवला. आपल्याला (2, 4) या बिंदूपाशी स्पर्शिकेचा चढ हवा आहे.

सगळ्यात आधी बिंदू वक्रावर आहे का ते तपासा. डावीकडे 8 + 64 = 72, उजवीकडे 9 × 2 × 4 = 72. आहे. ही पायरी मुलं गाळतात आणि तिथे फसतात, कारण सूत्र तक्रार करत नाही. (2, 3) हा बिंदू वक्रावर नाही, तरी तो सूत्रात घातलात तर ते 5/3 असं गुळगुळीत उत्तर देईल, पण त्या बिंदूपाशी या वक्राला स्पर्शिकाच नसेल.

आता अवकलन. समीकरण सोडवायचं नाही, आहे तसंच दोन्ही बाजूंचं x च्या संदर्भात अवकलन करायचं. x³ चं 3x² झालं. y³ पाशी थांबा. आपण वक्रावरून चालतोय, त्यामुळे x थोडा सरकला की y लाही सरकावं लागतं. y जितका सरकेल त्याच्या 3y² पट y³ सरकेल. म्हणून तिथे 3y² एवढंच न लिहिता त्यापुढे dy/dx लावायचा. आपण त्याला थोडक्यात y′ म्हणू. उजवीकडे 9xy हा गुणाकार आहे आणि त्यातले दोघेही बदलतात, म्हणून दोन पदं येतात: 9y आणि 9xy′.

3x² + 3y²·y′ = 9y + 9x·y′

y′ ची पदं एका बाजूला घेतली आणि 3 ने भागलं की

y′ = (3y − x²) / (y² − 3x)

x = 2, y = 4 घाला. वर 12 − 4 = 8, खाली 16 − 6 = 10. चढ 4/5. स्पर्शिकेचं समीकरण y − 4 = (4/5)(x − 2). गणित संपलं. गौरीने नेमकं इथपर्यंत येऊन y′ ची ओळ खोडली होती.

आता तिचा प्रश्न. समजा आपण फक्त x = 2 एवढंच सांगितलं. मग समीकरण उरतं y³ − 18y + 8 = 0. याचं एक उत्तर 4, पण आणखी दोन आहेत: सुमारे 0.449 आणि −4.449. म्हणजे x = 2 या उभ्या रेषेवर वक्र तीन ठिकाणी भेटतो. चढ काढा: पहिल्या ठिकाणी 0.8, दुसऱ्या ठिकाणी सुमारे 0.46, तिसऱ्या ठिकाणी सुमारे −1.26. तीन ठिकाणं, तीन वेगळे चढ. तुम्ही कुठे उभे आहात हे x एकटा सांगूच शकत नाही, म्हणून सूत्र तुम्हाला y सुद्धा विचारतं.

नकाशावाचन शिकवताना मी नव्या पोरांना हेच बजावायचो. वायरलेसवर नुसतं ईस्टिंग सांगून बंद झालात तर तुम्ही दरीत आहात की कड्यावर, हे आम्हाला कसं कळणार? नॉर्दिंगही द्या. गौरीला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती हसली, पण पटलं.

उत्तर बरोबर आहे हे पुस्तकाच्या मागचं पान न उलटता कसं ओळखायचं? स्पर्शिकेवरून एक बारीक पाऊल टाका. x 0.01 ने वाढवला तर y 0.008 ने वाढायला हवा. म्हणजे (2.01, 4.008). मूळ समीकरणात घाला: डावीकडे 72.5054, उजवीकडे 72.5047. फरक हजाराव्या भागाहूनही कमी, म्हणजे आपण जवळजवळ वक्रावरच आहोत. आता नेहमीची चूक करून बघू. 9xy चं अवकलन घाईत 9y′ लिहिलं तर चढ −4/13 येतो. त्या दिशेने तेवढंच पाऊल टाकलं की (2.01, 3.9969) येतो आणि दोन बाजूंत सुमारे 0.33 चा फरक पडतो. इतक्या छोट्या पावलात एवढी घसरण झाली की समजा, दिशाच चुकली. या वक्रापुरती आणखी एक सोपी खूण आहे. समीकरणात x आणि y ची अदलाबदल केली तरी ते तेच राहतं. म्हणून (4, 2) पाशी चढ 5/4, म्हणजे बरोबर उलटा यायला हवा. घालून बघा: −10 भागिले −8. आला.

राहिला छेद शून्य होण्याचा मुद्दा. y² = 3x असेल आणि वरचा अंश शून्य नसेल, तर स्पर्शिका उभी आहे. लूपच्या उजव्या कडेला, सुमारे (4.76, 3.78) पाशी, असंच होतं. तिथे 'चढ नाही' असं लिहून गप्प बसू नका, स्पर्शिका x = 4.76 च्या आसपासची उभी रेषा आहे असं लिहा.

मूळबिंदूपाशी मात्र वर शून्य आणि खालीही शून्य येतं. तिथे सूत्र हात टेकतं, आणि त्याला कारण आहे: वक्र त्या बिंदूतून दोनदा जातो. एका फांदीवर x लहान असताना y त्याहूनही खूप लहान असतो, म्हणून y³ सोडून दिला तर x³ = 9xy, म्हणजे जवळजवळ y = x²/9 उरतं. ही फांदी x-अक्षाला टेकून जाते. अदलाबदल केली की दुसरी फांदी y-अक्षाला टेकते. एकाच बिंदूपाशी दोन स्पर्शिका, एक आडवी आणि एक उभी. सूत्राने एकच आकडा दिला असता तर तो खोटाच ठरला असता.