उन्हात ठेवली आणि लघवी लाल झाली!

1889 साली बारेंड स्टोकविस या डच डॉक्टरांनी एका बाईंची नोंद केली. सल्फोनल हे झोपेचं औषध घेतल्यावर त्यांची लघवी गडद लाल झाली आणि पुढे त्या दगावल्या. तीव्र पोर्फिरिया या आजाराच्या अगदी जुन्या नोंदींपैकी ही एक.

रक्ताला लाल करणारं हीम शरीरात आठ टप्प्यांत तयार होतं आणि प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र एन्झाइम लागतं. ‘अॅक्यूट इंटरमिटंट पोर्फिरिया’ या त्याच्या एका प्रकारात तिसरं एन्झाइम जन्मापासून निम्मंच असतं. एरवी तेवढ्यावर भागतं, म्हणून हा दोष असलेल्या बहुतेकांना आयुष्यात एकदाही झटका येत नाही. पण कडक उपास, पाळीआधीचे हार्मोन्स, फेनिटॉइन किंवा सल्फाची औषधं यांमुळे यकृत हीम बनवण्याचं काम अचानक वाढवतं. मग एकच खिडकी उघडी असलेल्या टोलनाक्यासारखी कच्च्या मालाची रांग लागते. त्यातला एक पदार्थ म्हणजे पोर्फोबिलिनोजेन.

गंमत म्हणजे हा पदार्थ रंगहीन असतो! लघवी ताजी असताना अनेकदा नेहमीसारखीच दिसते. उजेडात तासन्‌तास राहिली की लालसर-तपकिरी होते. काविळीतली लघवी मात्र सुरुवातीपासूनच गडद असते आणि रक्त जात असेल तर तपासणीच्या पट्टीवर ते कळतं. इथे रंग लाल, पण पट्टी म्हणते रक्त नाही.

समजा, पंचविशीतली एक मुलगी. नवरात्रात जवळजवळ काहीच खात नाही, त्यात पाळी जवळ आलेली. पोटात असह्य कळा, उलट्या, शौचाला होत नाही, नाडी जलद. डॉक्टर पोट दाबतात तर ते मऊच लागतं, सोनोग्राफीही स्वच्छ. कारण सूज पोटात नाहीच, दुखणं नसांचं आहे. अशा पेशंटचं निरोगी अपेंडिक्स काढून टाकल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात भरपूर आहेत. रक्तातलं सोडियम घसरलेलं असेल किंवा हातपाय लुळे पडू लागले असतील, तर संशय आणखी पक्का करावा.

उपचारही नेमका आहे. शिरेतून हीमिन दिलं की यकृताला हीम पुरेसं असल्याचा निरोप मिळतो आणि रांग ओसरते. ते मिळेपर्यंत ग्लुकोज देतात.

सगळेच पोर्फिरिया पोटात दुखवत नाहीत. ‘पोर्फिरिया क्युटेनिया टार्डा’मध्ये लघवी रंगते, पण त्रास त्वचेचा: उन्हात हातांवर फोड. ‘एरिथ्रोपोएटिक प्रोटोपोर्फिरिया’त ऊन लागलं की आग होते, लघवीचा रंग मात्र साधाच.

म्हणून पोटदुखीचं कारण सापडत नसेल आणि लघवी गडद होत असेल, तर झटका चालू असतानाच पोर्फोबिलिनोजेनची तपासणी मागा. आणि नमुन्याची बाटली फॉइलमध्ये गुंडाळूनच लॅबमध्ये द्या.