तीन लाखांचे अठरा हजार

सांगलीत फरसाणचा एखादा कारखाना आहे असं धरा. माल गावोगावच्या दुकानांत पोचवायला मालक रोज 'छोटा हत्ती' भाड्याने घेतो. ड्रायव्हर आणि डिझेल धरून दिवसाला १,६०० रुपये, वर्षात ३०० दिवस, म्हणजे ४ लाख ८० हजार. एवढे पैसे दुसऱ्याच्या गाडीला घालण्यापेक्षा आपलीच गाडी का नको, असं कुणालाही वाटेल.

आकडे मी सोयीसाठी धरलेत. तुमचे तुम्ही घाला. गाडी रस्त्यावर यायला ६ लाख. ड्रायव्हरचा पगार वर्षाला १ लाख ८० हजार. रोज ६० किलोमीटर आणि लिटरला १८चं ॲव्हरेज धरलं, तर डिझेल ९० हजारांचं. विमा आणि कर ३० हजार. सर्व्हिसिंग, टायर, पासिंग २४ हजार. शिवाय एक खर्च बहुतेक जण विसरतात. आपली गाडी गॅरेजमध्ये असते तेव्हा माल थांबत नाही, त्या दिवशी भाड्याचीच गाडी लागते. असे दहा दिवस, १६ हजार. सगळे मिळून ३ लाख ४० हजार, म्हणजे बचत वर्षाला १ लाख ४० हजार.

पाच वर्षांत ७ लाख वाचले, शेवटी गाडी २ लाखांना विकली. नऊतून सहा गेले, तीन लाख फायदा. बहुतेकांचा हिशोब इथेच संपतो.

पण सहा लाख आज जातात आणि बचत पाच वर्षं थोडी थोडी येते. हेच सहा लाख धंद्यात राहिले असते तर बेसन-तेलाची घाऊक खरेदी झाली असती, किंवा कर्जाचं व्याज वाचलं असतं. त्याचा दर १२ टक्के धरू. मग वर्षाने हातात येणाऱ्या १ लाख ४० हजारांची आजची किंमत १.१२ ने भागून १ लाख २५ हजार होते. दुसऱ्या वर्षीच्या बचतीला दोनदा भागायचं, ती उरते सुमारे १ लाख ११ हजार ६००. पाचव्या वर्षीची तर जेमतेम ७९ हजार. पाचही मिळून सुमारे ५ लाख ४ हजार ७०० आणि गाडी विकून येणाऱ्या दोन लाखांचे आजचे १ लाख १३ हजार ५००. बेरीज ६ लाख १८ हजार २००. यातून आजचे सहा लाख वजा केले की उरतात १८ हजार. यालाच निव्वळ वर्तमान मूल्य म्हणतात. ते शून्याच्या वर असेल तर गाडी घेणं परवडतं. इथे ते कसंबसं वर आहे.

भाडं काय पाच वर्षं तेवढंच राहणार का, हा प्रश्न रास्त आहे. पण पगार आणि डिझेलही वाढणारच. दोन्ही बाजू वर्षाला ५ टक्क्यांनी वाढवल्या तर बचतही तेवढीच वाढते आणि अठरा हजारांचे पासष्ट हजार होतात. मात्र फक्त भाडं वाढवून स्वतःचा खर्च जिथल्या तिथे ठेवलेला कागद कुणी दाखवला, तर तो गाडी विकायला आला आहे असं समजावं.

उलट चूक हप्त्याची. सहा लाखांच्या कर्जाला १२ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता महिना साधारण १३,३५० रुपये, वर्षाला १ लाख ६० हजार. वाचतात १ लाख ४० हजार, मग तोटाच की! नाही. गाडीची किंमत आपण सुरुवातीला वजा केली आहे आणि व्याज त्या १२ टक्क्यांत आलं आहे. हप्ताही धरला तर तेच पैसे दोनदा मोजले जातात. हप्ता महिन्याच्या गल्ल्याला झेपेल का, हे जरूर बघावं. पण तो रोकडीचा प्रश्न, फायद्याचा नव्हे.

खरी मेख दिवसांच्या संख्येत आहे. गाडी उभी असली तरी पगार आणि विमा चालूच राहतो. भाड्याची गाडी नको असेल त्या दिवशी फुकट. वरच्याच आकड्यांत ३००ऐवजी २५० दिवस घातले, तर बचत ७५ हजारांवर येते आणि अठरा हजारांच्या फायद्याऐवजी २ लाख १६ हजारांचा तोटा दिसतो. या मालकाला तोटा टाळायला वर्षात किमान २९७ दिवस गाडी पळवावी लागेल. दर वाढतील असं धरलं तरी २८८.

म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी गेल्या वर्षीची भाड्याची बिलं काढावीत आणि दिवस मोजावेत. दिवाळीच्या आठवड्यात दोन-दोन गाड्या लागल्या असतील, तर तो एकच दिवस धरायचा. दुसरी गाडी तेव्हाही भाड्यानेच आणावी लागणार आहे.