परदेशात पैसे पोहोचायला दिवस का लागतात? डिजिटल चलनाने ते सेकंदांवर येईल का?

थायलंडमधल्या एखाद्या कंपनीने दुबईच्या व्यापाऱ्याकडून माल घेतला, तर तिचे बाट विमानात बसून दुबईला जात नाहीत. पैसा खरं तर देशाबाहेर पडतच नाही. थाई बँकेचं एखाद्या मोठ्या परदेशी बँकेत डॉलरचं खातं असतं. त्यातून रक्कम मध्यस्थ बँकांमार्फत वळती होते आणि शेवटी दुबईची बँक व्यापाऱ्याच्या खात्यात दिरहॅम जमा करते. स्विफ्ट या सगळ्यात फक्त निरोप पोहोचवतं.

प्रत्येक टप्प्यावर तपासणी होते, शुल्क कापलं जातं. त्यात बँकॉकला सोमवारची सकाळ असते तेव्हा न्यूयॉर्कला रविवारची रात्र असते. शिवाय परदेशातल्या खात्यांत बँकांना पैसे आधीच भरून ठेवावे लागतात. त्या अडकलेल्या पैशाचा खर्च अर्थातच ग्राहकाच्या माथी येतो.

यावर हाँगकाँग, थायलंड, चीन आणि संयुक्त अरब अमिरात (यूएई) यांच्या मध्यवर्ती बँकांनी 'एमब्रिज' हा प्रयोग केला. सगळ्यांची एकच सामाईक डिजिटल खातेवही, आणि तिच्यावर प्रत्येक देशाचं स्वतःचं डिजिटल चलन. थाई बँक डिजिटल बाट देते, त्याच क्षणी तिला डिजिटल दिरहॅम मिळतात, आणि ते थेट दुबईच्या बँकेकडे जातात. अदलाबदल दोन्ही बाजूंनी होते किंवा अजिबात होत नाही. ही अट महत्त्वाची आहे. 1974 मध्ये जर्मनीच्या हेरश्टाट बँकेने मार्क घेतले आणि न्यूयॉर्कमध्ये डॉलर देण्याआधीच ती बंद पडली. समोरच्या बँका हात चोळत बसल्या.

एमब्रिजच्या आधी झालेल्या हाँगकाँग-थायलंड प्रयोगात तीन ते पाच दिवसांचं काम 2 ते 10 सेकंदांत झालं आणि खर्च निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतो, असं दिसलं. 2022 मध्ये 20 बँकांनी सुमारे सहा आठवड्यांत 2.2 कोटी डॉलरहून अधिक रकमेचे खरे व्यवहार केले. जानेवारी 2024 मध्ये यूएईने याच मार्गाने चीनला 5 कोटी दिरहॅम पाठवले.

मग अडतं कुठे? बाट घेऊन दिरहॅम विकणारा सापडायला हवा. डॉलरला गिऱ्हाईक कायम असतं, या जोडीला ते क्वचितच. विकणारे मोजकेच असले की ते दर चढा लावतात आणि शुल्कात वाचलेले पैसे तिथेच जातात. खातेवही कितीही वेगवान असली तरी गिऱ्हाईक शोधून देत नाही. काळ्या पैशाची तपासणीही प्रत्येक बँकेला करावीच लागते.

आखातातून घरी पैसे पाठवणाऱ्या मराठी कामगाराला याचा थेट उपयोग आज नाही, कारण एमब्रिज बँकांमधल्या घाऊक व्यवहारांसाठी आहे आणि भारत त्याचा संस्थापक सदस्य नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च 2023 मध्ये यूएईच्या मध्यवर्ती बँकेशी वेगळा करार केला. दोन्ही देशांची डिजिटल चलनं एकमेकांशी कशी जोडता येतील, हे त्यात तपासायचं ठरलं.