लिंक कुठे दिली तर दाबली जाते?

समजा, जयपूरच्या मुरलीपुऱ्यातल्या दुकानदाराने यूट्यूबवर व्हिडिओ टाकला. वर्णन, पिन केलेली कमेंट आणि पडद्यावरचा मजकूर अशा तिन्ही ठिकाणी एकच लिंक दिली, तर गिऱ्हाईक कुठून आलं ते कळणार नाही. म्हणून वर्णनातल्या लिंकला `?utm_content=desc`, पिन केलेल्या कमेंटमधल्या लिंकला `?utm_content=pin` जोडावं. पडद्यावरचा मजकूर दाबता येत नाही, तो टाइप करावा लागतो. तिथे वेगळा, आखूड पत्ता हवा.

समजा, १०,००० व्ह्यूजमध्ये वर्णनातून ६० आणि कमेंटमधून ७० क्लिक आले. म्हणजे ०.६ आणि ०.७ टक्के. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. ६० विरुद्ध ९० असते, तर कमेंट सरस म्हणता आली असती. शॉर्ट्समध्ये मात्र ही तुलनाच करू नका: ३१ ऑगस्ट २०२३पासून तिथल्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंक दाबल्याच जात नाहीत.