वाफ जिरू दे

आत्याच्या घरी त्या रविवारी पंधरा माणसं जेवायला होती. डाळ डब्यात न घालता सरळ कुकरमध्येच शिजायला घातली होती आणि तीही जवळजवळ काठापर्यंत. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, शिट्टी काही होईना. आधी जी बारीक सूं-सूं चालू होती, तीही थांबली. आत्याने येऊन गॅस बंद केला. दादाने चमच्याच्या टोकाने शिट्टी उचलून पाहिली. ना वाफ आली, ना आवाज. "आत काही नाहीच," असं म्हणून त्याने हँडलला हात घातला. हँडल हलेना, तेव्हा तो ओट्यावरचं लाटणं उचलायला वळला.

"हात काढ आधी," आत्या म्हणाली. "वाफ जिरू दे."

दादाचा तर्क वरवर चुकीचा नव्हता. शिट्टी उचलल्यावर फुस्स झालं नाही म्हणजे वाफ संपली, असं आपण सगळेच धरून चालतो. पण ती खूण खरी ठरते ती खालची नळी मोकळी असेल तरच.

ज्याला आपण शिट्टी म्हणतो ते खरं तर एक वजन आहे. झाकणाच्या मधोमध एक बारीक नळी असते आणि तिच्या तोंडावर हे वजन नुसतं ठेवलेलं असतं. नळीचं भोक चार मिलिमीटरचं धरलं, तर त्याचं क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटरचा आठवा भाग भरतं. त्यावर सव्वाशे ग्रॅमचं वजन ठेवलं, तर ते उचलायला वाफेला दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा जोर लावावा लागतो. हा जोर बाहेरच्या हवेच्या दाबावर आणखी. घरगुती कुकर साधारण याच दाबावर चालतो आणि त्या दाबाला पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. डाळ लवकर शिजते ती या वीस अंशांमुळे.

दाब तिथवर पोचला की वजन किंचित उचललं जातं. उचललं गेल्याबरोबर वाफ त्याच्या खालच्या रुंद भागात पसरते, म्हणजे आता तिला ढकलायला जास्त जागा मिळते आणि वजन झटक्यात वर जातं. त्या अरुंद फटीतून वाफ जोरात सुटते, तोच शिट्टीचा आवाज. थोडी वाफ गेली की दाब उतरतो, वजन खाली बसतं आणि पुन्हा दाब साठू लागतो. म्हणून आपल्याकडे शिट्ट्या सुट्या सुट्या होतात आणि मोजता येतात.

मोजता येतात, पण त्यावरून पदार्थ किती शिजला हे कळत नाही. गॅस मोठा ठेवला तर पाच मिनिटांत चार शिट्ट्या होतील, बारीक केला तर एखादीच. आतलं तापमान दोन्ही वेळा तेच, कारण ते वजनाने ठरवलेलं आहे. जास्तीच्या शिट्ट्यांनी फक्त पाणी आणि गॅस जातो. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून घड्याळ पाहणारी माणसं बरोबर करतात. मी मात्र अजून शिट्ट्याच मोजतो. सवय!

वाफेला वजनाने आवर घालायची युक्ती जुनी आहे. देनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनमध्ये हाडं मऊ करणारं बंद भांडं दाखवलं. ते फुटू नये म्हणून त्याने नळीवर झडप बसवली आणि ती दांडीला टांगलेल्या वजनाने दाबून धरली. आपल्या ओट्यावर आहे ते त्याच झडपेचं धाकटं भावंड.

आता झाकणाकडे येऊ. वीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. प्रत्येकावर एक किलो, म्हणजे वाफ ते झाकण ३१४ किलोंच्या जोराने वर ढकलत असते. बाहेरून बसणाऱ्या झाकणात हा सगळा भार कडेच्या खाचांवर येतो. खाचा एकमेकींत इतक्या घट्ट रुततात की हँडल हाताने फिरत नाही. त्यामुळे भरल्या दाबाचा कुकर उघडणं सहसा कुणाला जमत नाही, लाटणं-हातोडी घेतली तर गोष्ट वेगळी. जास्त फसवा असतो तो अर्धवट निवलेला कुकर. दाबाचा दहावा हिस्सा जरी उरला, तरी झाकणावर तीस किलो भार असतोच, पण हँडल आता थोड्या जोराने फिरतं. खाच सुटली की ते तीस किलो एकदम मोकळे होतात. आतून बसणाऱ्या लांबट झाकणाची गोष्ट निराळी. वाफ ते काठावर आतूनच दाबून धरते, म्हणून दाब असेपर्यंत ते खाली सरकतच नाही. त्यालाही उलथन्याने ठोकणारे असतातच.

झाकण उडतं एवढंच असतं तर डोकं बाजूला घेऊन भागलं असतं. भाजतं ते पाण्यामुळे. १२० अंशांचं पाणी दाब होता म्हणून पाणी राहिलं होतं. झाकण निघताच दाब जातो आणि वरच्या वीस अंशांची उष्णता त्यातलं काही पाणी क्षणात वाफ करून टाकते. आत दोन लिटर पाणी असेल तर जेमतेम पंच्याहत्तर ग्रॅमची वाफ होते. वाटीभरही नाही. पण तेवढ्याच पाण्याची वाफ सव्वाशे लिटर जागा मागते. पाच लिटरच्या भांड्यातून ती बाहेर पडते ती डाळ बरोबर घेऊनच, आणि डाळ अंगाला चिकटते.

आत्याने कुकर तसाच ओट्यावर तासभर ठेवला. नळाखाली धरू का, असं मी विचारलं तर नको म्हणाली आणि ते योग्यच होतं. गार पाण्याने भांड्याची कड लवकर निवते, पण घट्ट डाळीचा गोळा आतून तापलेलाच राहतो आणि थोड्या वेळाने पुन्हा वाफ धरतो. भांड्याला निवांत हात लावता आला, तेव्हा हँडल दोन बोटांनी फिरलं. नळीत तुरीचं एक टरफल आडवं बसलं होतं.

कधी पूर्ण गार झालेला कुकरही उघडत नाही. तिथे कारण उलटं असतं. आतल्या वाफेचं पाणी होतं, आत पोकळी होते आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. शिट्टी उचलली की हवा आत शिरते आणि झाकण सुटतं.

दुसऱ्या दिवशी झाकण घेऊन मी कुकर दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी आधी नळी डोळ्याला लावून उजेडाकडे धरली, मग सुईने साफ केली. सेफ्टी व्हॉल्व्ह बघून मान हलवली. जास्त तापलं की त्यातला मऊ धातू वितळून वाफेला वाट करून देतो, पण त्याच्या तोंडावरही डाळीचा थर वाळला होता.

"हा बदलून देतो," ते म्हणाले. "तुमचं बरं आहे. काही लोक इथे नट-बोल्ट ठोकून आणतात. सारखा उडतो म्हणे."

"आणि शिट्टी?"

"ती याच कुकरची आहे ना? दुसऱ्याची बसवू नका. नळी वेगळी असते, वजन वेगळं असतं." झाकण परत देताना त्यांनी विचारलं, "डाळ किती भरता?"

मी हाताने काठापासून बोटभर खाली खूण केली.

"निम्मा," ते म्हणाले. "डाळ असेल तर निम्माच."