‘कट्ट्यावरचा तांब्या आण’: यंत्रमानव वस्तू शोधतो कसा आणि चुकतो कुठे?

बेळगाव-निपाणी परिसरातील एखाद्या घरात आजीने नातवाला ‘कट्ट्यावरचा तांब्या आण’ म्हटले, तर त्याला काही विचारावे लागत नाही. कट्टा म्हणजे स्वयंपाकघरातील ओटा आणि तांब्या म्हणजे पाण्याचे ते गोल, अरुंद गळ्याचे भांडे, हे त्याला ठाऊक असते. शेजारच्या कन्नड घरात त्याच भांड्याला ‘तंबिगे’ म्हणतात, हेही त्याच्या कानावरून गेलेले असते. हेच वाक्य यंत्रमानवाला सांगितले तर काय होईल? कॅमेरा आणि भाषा यांची सांगड घालणाऱ्या नव्या संगणकीय प्रारूपांमुळे हा प्रश्न आज प्रत्यक्ष प्रयोगांच्या कक्षेत आला आहे. मात्र या प्रयोगांची भाषा मुख्यतः इंग्रजी आहे. सीमाभागातील बोलीचा कस येथेच लागतो.

चित्र आणि शब्द यांची सांगड

पूर्वी यंत्राला वस्तू ओळखायला शिकवताना तिची नावे आधी ठरवावी लागत. शंभर वस्तू शिकवल्या, तर एकशे एकावी वस्तू त्याला अनोळखीच राहत असे. जानेवारी २०२१ मध्ये ‘ओपनएआय’ने ‘क्लिप’ हे प्रारूप प्रसिद्ध केले आणि मार्ग बदलला. इंटरनेटवरील ४० कोटी चित्रे आणि त्यांच्यासोबतचा मजकूर अशा जोड्यांवर ते शिकवले गेले. चित्राचे एका संख्यामालिकेत रूपांतर होते, वाक्याचेही तसेच होते आणि जोडी योग्य असेल तर दोन्ही मालिका एकमेकींच्या जवळ याव्यात, असे हे शिक्षण असते. त्यामुळे पूर्वी न शिकवलेले नावही चित्राशी ताडून पाहता येते. पुढे २०२२ मध्ये गूगलच्या संशोधकांचे ‘आउल-व्हिट’ आणि २०२३ मध्ये ‘ग्राउंडिंग डिनो’ ही प्रारूपे आली. ती चित्रात वस्तू नेमकी कुठे आहे, हे चौकट आखून दाखवतात आणि त्या चौकटीला गुण देतात.

हे घरात कितपत चालते, याचा एक प्रामाणिक हिशेब न्यूयॉर्क विद्यापीठ आणि ‘मेटा’ येथील संशोधकांनी २०२४ च्या आरंभी मांडला. त्यांच्या ‘ओके-रोबोट’ या प्रयोगात फोनने घराचे चित्रण करून नकाशा तयार केला जातो आणि नकाशातील वस्तूंना वर सांगितलेल्या संख्यामालिका जोडून ठेवल्या जातात. ‘अमुक उचल आणि तमुक ठिकाणी ठेव’ अशी लेखी आज्ञा दिली, की यंत्रमानव नकाशात सर्वांत जवळची जुळणी शोधतो, तिथे जातो, पुन्हा कॅमेऱ्याने पाहतो आणि वस्तू उचलतो. दहा घरांत, यंत्राला पूर्वी न दाखवलेल्या वस्तूंवर, यशाचे प्रमाण ५८.५ टक्के आले. पसारा आवरलेल्या ठिकाणी ते ८२ टक्क्यांच्या आसपास पोहोचले.

या हिशेबातील लक्षणीय भाग अपयशाचा आहे. अपयशाच्या कारणांत सर्वांत वरचे कारण हाताची पकड किंवा चाकांचा बिघाड हे नव्हते. सांगितलेल्या नावावरून नकाशातील योग्य वस्तूच न सापडणे, हे कारण ९.३ टक्के प्रयत्नांत आढळले. पकडीची अवघड स्थिती (८ टक्के) आणि यंत्रातील बिघाड (७.५ टक्के) त्याच्या मागे होते. इंग्रजी वाक्ये, इंग्रजीवर शिकलेले प्रारूप आणि लेखी आज्ञा असूनही सर्वांत मोठी अडचण शब्दाचीच निघाली.

एक वाक्य, चार टप्पे

आता आजीचे वाक्य अशा यंत्रमानवापर्यंत न्यावयाचे, अशी कल्पना करू.

पहिला टप्पा ऐकण्याचा. २०२२ मध्ये आलेले ‘व्हिस्पर’ हे प्रारूप मराठी उच्चाराचे लेखन करू शकते आणि मद्रास आयआयटीतील ‘एआय४भारत’ या गटाचीही भारतीय भाषांसाठी अशी प्रारूपे आहेत. पण व्हिस्पर ध्वनी तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत घेते आणि एका तुकड्यासाठी एकच भाषा ठरवते. मराठी वाक्यात सहज आलेला ‘तंबिगे’ हा शब्द मग जवळच्या एखाद्या मराठी शब्दाच्या रूपात लिहिला जाण्याचा संभव असतो. सीमाभागात दोन भाषा एका वाक्यात नांदतात. यंत्राला मात्र एकाच भाषेचे दार उघडता येते.

दुसरा टप्पा भाषांतराचा. ग्राउंडिंग डिनोमधील मजकूर वाचणारा भाग इंग्रजीवर शिकलेला आहे. मूळ क्लिपचेही मुख्यतः तसेच आहे. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइटांनी साठवले जाते. ‘तांब्या’ या शब्दात मात्रा, अनुस्वार व हलन्त धरून सात चिन्हे आहेत, म्हणजे एकवीस बाइट. इंग्रजी मजकुरावर बेतलेल्या शब्दसंग्रहात असा शब्द एकसंध राहत नाही, त्याचे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांना चित्रातील कशाचाही आधार नसतो. म्हणून आज्ञा आधी इंग्रजीत न्यावी लागते. ग्राउंडिंग डिनोला ती लहान लिपीत आणि पूर्णविरामांनी तोडून दिली जाते:

```
brass water pot . steel tumbler . kitchen counter .
```

येथे मराठीचे खास सापळे आहेत. ‘तांब्याचे झाकण’ म्हणजे तांबे या धातूचे झाकण की तांब्या या भांड्याचे? दोन्हींचे सामान्यरूप एकच. माणूस संदर्भावरून ओळखतो. भाषांतर करणारे यंत्र धातूकडे वळले, तर कॅमेरा घरातील तांबूस वस्तू शोधत फिरतो आणि पितळेचा तांब्या समोर असूनही मागे पडतो. ‘कट्टा’ या शब्दाचेही तसेच. मराठीत गप्पांचाही कट्टा असतो आणि हिंदीत तोच शब्द गावठी पिस्तुलासाठी येतो. ‘लोटा’ मराठीत गोल भांडे, तर कन्नड ‘लोट’ म्हणजे पाणी पिण्याचा पेला. एकाच घरात दोघांनी उच्चारलेल्या जवळजवळ एकाच शब्दाने दोन निराळ्या वस्तू अभिप्रेत असू शकतात.

तिसरा टप्पा चित्रात शोधण्याचा. येथे लक्षात ठेवावयाची गोष्ट अशी, की हे प्रारूप ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देत नाही, ते गुण देते. ग्राउंडिंग डिनोच्या नमुना आज्ञावलीत चौकटीसाठी ०.३५ ही किमान मर्यादा ठेवलेली असते. मर्यादा खाली आणली, तर तांब्या घरात नसतानाही फुलदाणीला चौकट पडते. ती वर नेली, तर अर्धा झाकलेला खरा तांब्या सुटतो. ‘वरचा’, ‘खालचा’, ‘शेजारचा’ या संबंधांतही ही प्रारूपे कच्ची ठरतात. ‘टोपलीखालचा डबा’ आणि ‘डब्याखालची टोपली’ यांत त्यांना बहुधा टोपली आणि डबा एवढेच ठळकपणे दिसते. म्हणून कट्टा आणि तांब्या वेगवेगळे शोधावेत आणि एकाची चौकट दुसऱ्यावर टेकलेली आहे का, हे मोजमापाने तपासावे, ही अधिक विश्वासार्ह रीत आहे.

चौथा टप्पा चित्रातून घरात येण्याचा. समजा, चित्राच्या मध्यापासून तांब्या उजवीकडे १२० ठिपक्यांवर आहे, कॅमेऱ्याचे नाभीय अंतर ६०० ठिपके आहे आणि खोली मोजणाऱ्या कॅमेऱ्याने अंतर १.५ मीटर दाखवले. तर तांब्या कॅमेऱ्याच्या मध्यरेषेपासून उजवीकडे १२० गुणिले १.५ भागिले ६००, म्हणजे ०.३० मीटर आहे. पण घासून लखलखीत केलेल्या पितळेवर किंवा स्टीलवर असे कॅमेरे अनेकदा फसतात. भांड्याच्या जागी पोकळी येते आणि मागच्या भिंतीचे अंतर हाती लागते. ते २.१ मीटर आले, तर हात ६० सेंटीमीटर पुढे जाईल आणि उजवीकडचे अंतरही ०.३० ऐवजी ०.४२ मीटर धरले जाईल. चौकटीच्या मध्यबिंदूऐवजी वस्तूच्या आकारात पडणाऱ्या सर्व ठिपक्यांच्या अंतरांचे मध्यक घेणे आणि थोडे सरकून दुसऱ्या बाजूने पाहणे, हे यावरचे साधे उपाय.

चूक कुठे झाली, हे कसे ओळखावे?

यंत्रमानव चुकीचे भांडे घेऊन आला, तर नुसते ‘चुकला’ म्हणून भागत नाही. प्रत्येक प्रयत्नाच्या तीन नोंदी ठेवाव्यात: ऐकून लिहिलेले वाक्य, प्रारूपाला दिलेले इंग्रजी शब्द आणि चौकट आखलेले चित्र. मग क्रमाने एकेक टप्पा वगळून पाहावे. तेच मराठी वाक्य टंकलिखित करून दिल्यावर काम झाले, तर दोष ऐकण्यात होता. नेमके इंग्रजी वर्णन दिल्यावरच झाले, तर भाषांतरात होता. तरीही झाले नाही, तर दोष पाहण्यात आहे. चौकट योग्य भांड्यावर असूनही हात हवेत मिटला, तर अंतराचे मोजमाप तपासावे.

भाषेच्या दोषावर उपाय महागडा नाही. घरात रोज मागितल्या जाणाऱ्या पन्नास-शंभर वस्तूंची यादी करावी, प्रत्येकीला त्या घरात चालणारी सर्व नावे लिहावीत आणि समोर नावाऐवजी दिसण्याचे वर्णन ठेवावे. ‘तांब्या’ आणि ‘तंबिगे’ या दोहोंसमोर ‘अरुंद गळ्याचे लहान गोल पितळी जलपात्र’ या अर्थाचे एकच इंग्रजी वर्णन जाईल. ‘लोटा’ या शब्दासमोर बोलणाऱ्यानुसार दोन वर्णने राहतील. विळीसारख्या वस्तूला इंग्रजीत रुळलेले एका शब्दाचे नावच नाही. तिथे वर्णनही अपुरे पडले, तर आउल-व्हिटला त्या विळीचे छायाचित्रच नमुना म्हणून देता येते. पहिल्या दोन चौकटींच्या गुणांत अगदी थोडा फरक असेल, तर यंत्राने अंदाज न करता ‘पितळेचा की स्टीलचा?’ असे विचारावे, ही तरतूदही हवी.

बहुभाषिक प्रारूपेही येत आहेत. २०२५ च्या आरंभी गूगलने प्रसिद्ध केलेले ‘सिगलिप २’ अनेक भाषांतील मजकुरावर शिकलेले आहे. ‘एआय४भारत’चे ‘इंडिकट्रान्स२’ हे भाषांतर-प्रारूप मराठी, कन्नड आणि कोकणीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषा हाताळते. तथापि अनुसूचीत भाषा असते, स्वयंपाकघरातील बोली नसते. चित्रांखालच्या मजकुरातही ती क्वचितच उतरते. गोव्यातील घरांत मराठी-कोकणीच्या ओघात ‘जनेल’ हा पोर्तुगीज मूळ असलेला शब्द येतो, तिथेही हाच पेच उभा राहील.

अशा यंत्राची खरी गरज अंथरुणाला खिळलेल्या किंवा दृष्टी अधू झालेल्या माणसाला आहे. तरुण वापरकर्ता आज्ञा फसली की शब्द बदलून पाहतो, इंग्रजी नाव देतो. सत्तरीतील आजी मात्र ‘तांब्या’च म्हणणार. तिच्यासाठी हे यंत्र उपयोगी ठरेल की नाही, हे कॅमेऱ्याच्या गुणवत्तेइतकेच त्या शब्दयादीवर अवलंबून आहे. ती यादी न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत तयार होणार नाही. ज्या घरांत हे शब्द रोज उच्चारले जातात, तिथेच ती लिहावी लागेल.