गठ्ठा बांधायचा आणि सोडायचाही

दुसरीतल्या एखाद्या मुलासमोर सव्वीस काड्या ठेवा. त्या मोजून कागदावर संख्या लिहायला सांगा. बहुतेक मुलं २६ असं बरोबर लिहितात. आता त्यातल्या ६ वर बोट ठेवा आणि म्हणा, ‘एवढ्या काड्या दाखव.’ मूल सहा काड्या बाजूला काढेल. मग २ वर बोट ठेवून तेच विचारा. इथे कितीतरी मुलं दोन काड्या उचलून दाखवतात. मध्ये अठरा काड्या तशाच पडून राहतात आणि त्याचं मुलाला काही वाटत नाही.

पियाजेंबरोबर काम केलेल्या आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झालेल्या कॉन्स्टन्स कमी यांनी सोळा वस्तू घेऊन मुलांना हाच प्रश्न विचारला होता. १६ मधल्या १ साठी पहिली-दुसरीतली पुष्कळ मुलं एकच वस्तू दाखवत. आपल्या घरातल्या किंवा वर्गातल्या मुलांना विचारून पाहा. पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि वहीवरून जे कळत नाही ते इथे कळतं.

कारण वही फसवते. ‘३४ = __ दशक __ एकक’ या ओळीत आधी ३ आणि मग ४ भरला की उत्तर बरोबर येतं. त्यासाठी दशक म्हणजे काय ते माहीत असायची गरजच पडत नाही, आकडे डावीकडून उचलून रिकाम्या जागी ठेवले की झालं. हाच प्रश्न क्रम बदलून द्या: ‘४ एकक आणि ३ दशक मिळून किती?’ पानभर बरोबर उत्तरं लिहिणारं मूल आता ४३ लिहितं. त्याला दशक-एकक हे शब्द येतात, दशक मात्र अजून भेटलेला नाही.

दशकातली खरी अडचण अशी की तो एकाच वेळी एक असतो आणि दहाही असतो. ज्या मुलाने नुकतंच ‘एक म्हणजे एक वस्तू’ हे पक्कं केलंय, त्याला आता ‘हे एक आहे, पण यात दहा आहेत’ हे मान्य करायचं असतं. सांगून हे पटत नाही. दहा सुट्ट्या वस्तूंची एक वस्तू आपल्याच हातांनी व्हायला हवी, आणि त्या एकीच्या पुन्हा दहाही आपल्याच हातांनी व्हायला हव्यात. बांधण्याचं काम शाळांतून थोडंफार होतं. सोडण्याचं काम जवळजवळ होतच नाही, आणि पुढे वजाबाकीत मुलं अडतात ती तिथेच.

साहित्य साधं लागतं. खराट्याचे हीर एकसारखे तोडून किंवा आईस्क्रीमच्या काड्या, शंभर-सव्वाशे, आणि दहा-पंधरा रबरबँड. चिंचोके मोजायला छान, पण ते बांधता येत नाहीत. छोट्या पिशवीत किंवा वाटीत दहा-दहा भरावे लागतात. काड्यांच्या गठ्ठ्यात बांधल्यावरही दहाही टोकं दिसत राहतात आणि हाताला जाडी जाणवते, हा त्यांचा मोठा गुण. दहा रुपयांची नोट आणि एक रुपयाची नाणी सुरुवातीला नकोत असं माझं ठाम मत आहे. नोटेत दहा रुपये दिसत नाहीत, ती सोडता येत नाही, मोडून आणावी लागते. तीच गोष्ट मणीपाटीची. तिच्यात दशकाच्या तारेवरचा मणी एककाच्या मण्याएवढाच असतो, त्यात दहा आहेत हे मुलाने नुसतं मानायचं असतं. आधीच समजलेल्या मुलाला ही साधनं उपयोगी पडतात.

आणि तयार गठ्ठे मुलांच्या हाती देऊ नका. कपाटातून बाहेर आलेला, कोणीतरी आधीच बांधून ठेवलेला गठ्ठा मुलाच्या लेखी एक जाड काडीच असतो.

आता उपक्रम. रोज वीसेक मिनिटं काढली तर आठवडाभरात सगळं एकदा करून होतं, काही भाग मात्र पुन्हा पुन्हा खेळावे लागतात. पहिल्या दिवशी चौतीस काड्यांचा ढीग समोर ओता आणि किती असतील याचा अंदाज विचारा. मग मोजू द्या. मध्येच हाक मारा, काहीतरी विचारा. मोजणी चुकेल आणि मूल वैतागून पहिल्यापासून सुरू करेल. हा वैताग कामाचा आहे. ‘मध्येच थांबलो तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागू नये, यासाठी काय करता येईल?’ असं विचारल्यावर मुलं स्वतःच काड्यांचे ढीग करू लागतात. कोणी पाचांचे करतं, कोणी दहांचे. ‘आपण सगळेच दहांचे करू’ हे तेव्हा सांगावं, आणि रबरबँड द्यावेत. चौतीस काड्यांचे तीन गठ्ठे होतात, चार सुट्ट्या उरतात. या दिवशी पाटीवर काही लिहायचं नाही. ‘तीन गठ्ठे, चार सुट्ट्या’ एवढं बोलायचं.

गठ्ठ्यांत चुका होतात. एखाद्यात नऊ, एखाद्यात अकरा. त्या आपण गुपचूप दुरुस्त करू नयेत. जोडीदाराला गठ्ठा सोडून तपासायला सांगावं. एका गठ्ठ्यात नऊच असतील तर तीन गठ्ठे आणि चार सुट्ट्या म्हणजे चौतीस होत नाहीत, हे मुलांनी एकदा पाहिलं की नेमके दहाच का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी गठ्ठे धरून मोजणी. दहा, वीस, तीस, आणि मग एकतीस, बत्तीस, तेहतीस, चौतीस. अडखळायला होतं ते तिसाच्या पुढच्या पायरीवर. बरीच मुलं सुट्ट्या काड्यांवर बोट ठेवूनही चाळीस, पन्नास, साठ म्हणत जातात. अशा वेळी ‘चूक’ न म्हणता एक गठ्ठा आणि एक सुटी काडी मुलाच्या दोन हातांत द्या आणि पुन्हा मोजायला सांगा. काही मुलं याउलट करतात, गठ्ठ्यातली एकेक काडी मोजत बसतात. त्यांना घाई करू नये. त्यांचा गठ्ठ्यावर अजून विश्वास बसलेला नाही, इतकाच त्याचा अर्थ.

मराठी मुलाला इथे आणखी एक ओझं असतं. पंचवीस म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना २ आधी. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतात आणि गठ्ठे दोनच असतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा मोठा वाद झाला. त्या वेळी गणित समितीच्या प्रमुख असलेल्या मंगला नारळीकर यांनी मुलांना जोडाक्षरी नावं अवघड जातात, हे कारण सांगितलं होतं. वाद बाजूला ठेवू. काड्या हातात असताना ‘तीस आणि चार, चौतीस’ असं दोन्ही लागोपाठ म्हणायला हरकत नाही. आणि एकोणतीससाठी तीन गठ्ठे मांडून ‘यातली एक काडी काढून घे’ म्हणावं. एक गठ्ठा सोडावाच लागतो, दोन गठ्ठे आणि नऊ सुट्ट्या समोर येतात, आणि ते नाव का पडलं हे मूल पाहतं.

यानंतर फाशाचा खेळ, आणि माझ्या मते सगळा जीव या खेळात आहे. दोन मुलं, मध्ये काड्यांचा डबा. फाशावर पडेल तितक्या काड्या घ्यायच्या. नियम एकच: आपल्यापाशी नऊपेक्षा जास्त सुट्ट्या ठेवायच्या नाहीत, दहा झाल्या की बांधायच्या. समजा एकीकडे आठ सुट्ट्या आहेत आणि पाच पडले. तेरा झाल्या, दहांचा गठ्ठा बांधला, तीन उरल्या. ज्याचे पाच गठ्ठे आधी होतील तो जिंकला. पुढे जिला ‘हातचा’ म्हणायचं ती गोष्ट मुलं इथे हातांनी करून मोकळी होतात.

दुसऱ्या दिवशी हाच खेळ उलटा. प्रत्येकापाशी तीन गठ्ठे, सुटी एकही नाही. फाशावर पडेल तितक्या काड्या डब्यात टाकायच्या. पहिल्याच डावात चार पडतात आणि मूल थांबतं: द्यायच्या चार, पण सुट्ट्या तर नाहीतच! काही मुलं एक अख्खा गठ्ठाच टाकून मोकळी होतात, काही ‘मला देता येत नाही’ म्हणतात. कोणीतरी रबरबँड काढतं. तो क्षण येऊ द्यावा, आपण आधी सुचवू नये. एक गठ्ठा सोडल्यावर विचारावं, ‘आता तुझ्याकडच्या काड्या वाढल्या, की कमी झाल्या?’ ‘वाढल्या’ असं उत्तर आलं तर वजाबाकीचं गणित अजून वहीत घालायचं नाही.

आकडे येतात ते आता, सगळ्यात शेवटी. कागदावर दोन घरं आखा. डावीकडे गठ्ठे, उजवीकडे सुट्ट्या. जोडीला पुठ्ठ्याची कार्डं करा: १० ते ९० ची लांब, १ ते ९ ची त्यांच्या निम्मी. तीन गठ्ठ्यांना ३० चं कार्ड, चार सुट्ट्यांना ४ चं. मग ४ चं कार्ड ३० च्या शून्यावर ठेवा. ३४ दिसतात, आणि ४ उचलला की खाली ३० असतातच. चौतीस ऐकून ३०४ लिहिणारी मुलं या कार्डांनी लवकर सावरतात. चाळीस करायला सांगितल्यावर उजवं घर रिकामं राहतं, तिथे शून्य का लिहायचं हेही तेव्हाच विचारावं.

वजाबाकीकडे वळताना ३४ − १८ घ्या. नुसत्या कागदावर बरीच मुलं २४ लिहितात, कारण चारातून आठ जात नाहीत म्हणून आठातून चार घालवतात. काड्यांनी हे होऊ शकत नाही. तीन गठ्ठे, चार सुट्ट्या. आठ द्यायच्या, म्हणून एक गठ्ठा सोडला. आता दोन गठ्ठे आणि चौदा सुट्ट्या. हे अजूनही चौतीसच आहेत, हे मुलाकडून वदवून घ्या आणि हवं तर मोजून पाहू द्या. आठ दिल्या, सहा उरल्या. एक गठ्ठा दिला, एक उरला. सोळा. कागदावर ३ खोडून २ लिहितो आणि ४ चे १४ करतो तेव्हा नेमकं काय झालं, ते मुलाच्या बोटांना माहीत असतं.

काड्या बंद कधी करायच्या हे मूलच दाखवतं. ते गठ्ठे न सोडता, नुसतं त्यांच्याकडे बघून उत्तर सांगू लागतं. तेव्हा सुरुवातीचा सव्वीस काड्यांचा प्रश्न पुन्हा विचारा, पण वेगळी संख्या घेऊन. एक्केचाळीस काड्यांतल्या ४ साठी चाळीस काड्यांवर हात पसरला, तर दहा रुपयांच्या नोटा आता बाहेर काढायला हरकत नाही. शंभराकडे जायला मात्र पुन्हा काड्याच घ्याव्यात: दहा गठ्ठ्यांची एक मोळी बांधायची, आणि ‘एकशे वीसमध्ये गठ्ठे किती?’ असं विचारायचं. ‘दोन’ म्हणणाऱ्या मुलाला मोळी सोडायला लावायची.